बजेटमधलं कर्ज आणि ऑडिटमधलं कर्ज दरवर्षी जुळत नाही? आधी फरक किती आलाय तो बघा

आमच्या शिक्षण संस्थेचा मी मानद खजिनदार. पगार नाही, चहा मात्र भरपूर. तालुक्याच्या गावातली विनाअनुदानित शाळा आहे आणि चार नवीन वर्गखोल्या बांधल्या तेव्हा बँकेचं कर्ज घेतलं. तेव्हापासून एकच भानगड दरवर्षी. फेब्रुवारीत बजेट करायचं, कार्यकारिणीत मंजूर करायचं, आणि जून-जुलैत ऑडिट झालं की सीए साहेब विचारणार, "खजिनदार, हा तुमचा कर्जाचा आकडा आला कुठून?" दोन वर्षं मी वेगवेगळ्या कारणांनी तोंडावर पडलो आणि मग लक्षात आलं की फरक किती रुपयांचा आहे ते नीट बघितलं तर चूक कुठे आहे ते तो आकडाच सांगतो. ज्यांच्या संस्थेचं, सोसायटीचं, वाचनालयाचं कर्ज चालू आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी केस सांगतो म्हणजे पुढचे आकडे कळतील. इमारतीचा खर्च ३२ लाख, त्यात ८ लाख संस्थेचे स्वतःचे आणि २४ लाख कर्ज. खोल्या जून २०२३ ला वापरात आल्या पण कॉन्ट्रॅक्टरचं फायनल बिल उभं होतं, म्हणून कर्जाची उचल १ ऑक्टोबर २०२३ ला एकरकमी झाली. दर १२ टक्के, बदलता. मुदत ६० महिने, हप्ता ५३,३८७, दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला. वर्षाला १२ हप्ते म्हणजे ६,४०,६४४ रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, सगळा घोळ याच्यापासून सुरू होतो.

फरक मुद्दलाइतका येतोय

पहिलं बजेट २०२४-२५ चं. आमचे भाऊसाहेब, म्हणजे शाळेचे क्लार्क, त्यांनी खर्चाच्या बाजूला एक ओळ घातली, "बँक कर्ज हप्ता ६,४०,६४४". मीही बघितलं, म्हटलं बरोबर आहे की, पैसे जाणारच आहेत खात्यातून. बाकीचा खर्च, पगार, वीज, पाणी, परीक्षा वगैरे ५२,४०,००० आणि इमारतीचा घसारा २,८८,००० (३२ लाखांवर पहिल्या वर्षी १० टक्के गेल्यावर २८ लाख ८० हजार उरले, त्याचे १० टक्के). एकूण खर्च झाला ६१,६८,६४४. अपेक्षित उत्पन्न ६१,५०,०००. म्हणजे १८,६४४ तूट. कार्यकारिणीत गडबड उडाली, आप्पा म्हणजे आमचे अध्यक्ष, ते म्हणाले तूट दाखवून बजेट मंजूर करता येणार नाही, फी वाढवा नाहीतर दोन शिक्षकांची वेतनवाढ थांबवा. वेतनवाढ थांबवली आम्ही, खोटं कशाला सांगू.

ऑडिट झालं तेव्हा उत्पन्न-खर्च पत्रकात कर्जाच्या नावाखाली फक्त साधारण २ लाख ४५ हजार. आमच्या बजेटपेक्षा ३,९५,६२९ ने कमी. आणि हा ३,९५,६२९ म्हणजे त्या वर्षाच्या १२ हप्त्यांमधलं मुद्दल, रुपयात रुपया.

सीए साहेबांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत असं. हप्त्यात दोन वेगळ्या वस्तू एका पिशवीत घातलेल्या असतात. व्याज हा खर्च आहे, ते भाडं आहे बँकेच्या पैशाचं, गेलं ते गेलं. मुद्दल हा खर्च नाहीच, ते देणं कमी होणं आहे. २४ लाख घेतले तेव्हा आपण ते उत्पन्न धरलं नव्हतं ना, मग परत देताना खर्च कसा धरणार? ते ताळेबंदात जातं, देण्याच्या बाजूला कर्जाची बाकी तेवढ्याने उतरते, बस.

आणि आमची चूक त्याहून वाईट होती, कारण घसाराही धरला होता. घसारा म्हणजे इमारतीची किंमत वर्षावर्षाने खर्चात टाकणं, आणि मुद्दल म्हणजे त्याच इमारतीसाठी घेतलेले पैसे परत करणं. दोन्ही खर्चात घातले की एकच इमारत खर्चात दोनदा पडते. ज्या संस्था घसारा बजेटमध्ये धरत नाहीत त्यांच्याकडे हा दुहेरी प्रकार होत नाही, पण त्यांचंही बजेट ऑडिटशी जुळत नाहीच.

दुरुस्त केल्यावर चित्र असं झालं. खर्चात ५२,४०,००० अधिक व्याज २,४५,०१५ अधिक घसारा २,८८,०००, एकूण ५७,७३,०१५. म्हणजे १८,६४४ तूट नाही तर ३,७६,९८५ शिल्लक! पण लगेच पेढे वाटू नका. ही शिल्लक कागदावरची. मुद्दल खर्चात नसलं तरी खात्यातून जाणारच आहे, म्हणून बजेटला खाली दुसरा भाग लागतो, रोखीचा. तिथे शिल्लक ३,७६,९८५ घ्यायची, घसारा २,८८,००० परत मिळवायचा (तो कुणाला दिलेला नसतो), आणि मुद्दल ३,९५,६२९ वजा करायचं. उरतात २,६९,३५६. हे खरे पैसे, ज्यातून बाक घ्या, बोअरवेल दुरुस्त करा. उलटा ताळा पण बघा, ६१,५०,००० मधून ५२,४०,००० आणि पूर्ण हप्ते ६,४०,६४४ वजा केले तरी २,६९,३५६ च येतात. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला तर विभागणी बरोबर. (त्या दोन शिक्षकांची वेतनवाढ आम्ही मग फरकासकट दिली. रजिस्टरला नोंद आहे, म्हणून इथे सांगायला हरकत नाही.)

काही जण दुसऱ्या टोकाला जातात, मुद्दल खर्चातून काढतात आणि खालचा रोखीचा भाग लिहीतच नाहीत. मग शिल्लक बघून कार्यकारिणी पावणेचार लाखांचं सामान मंजूर करते आणि जानेवारीत हप्त्याला पैसे नसतात. त्यापेक्षा आमची पहिली चूक परवडली.

फरक पन्नास-साठ हजारांचा, आणि नेहमी बजेटच जास्त

दुसऱ्या वर्षी मी हुशार झालो होतो. २०२५-२६ च्या बजेटमध्ये व्याज वेगळं, मुद्दल वेगळं, रोखीचा भाग वेगळा, सगळं नीट. फक्त एक केलं, गेल्या वर्षीचीच फाईल उघडली, वर्ष बदललं, आकडे तसेच ठेवले. हप्ता तोच आहे तर विभागणी पण तीच असणार असं डोक्यात. व्याज २,४५,०१५.

वर्ष संपल्यावर बँकेच्या दाखल्यात व्याज निघालं जवळपास १,८६,००० च्या घरात. म्हणजे आम्ही ५८ हजारांहून जास्त व्याज धरलेलं होतं.

यात दोन कारणं एकावर एक बसलेली होती. मोठं कारण साधं आहे, हप्ता तोच राहतो पण आतली वाटणी दर महिन्याला सरकते. पहिल्या महिन्याचं व्याज २४ लाखांवर १ टक्का म्हणजे २४,०००, मुद्दल २९,३८७. पुढच्या महिन्यात बाकी कमी, व्याज कमी, तेवढंच मुद्दल जास्त. वर्षाच्या हिशोबाने आमच्या तक्त्यात असं येतं:

२०२३-२४ (६ हप्ते): व्याज १,३९,५३३, मुद्दल १,८०,७८९, अखेर बाकी २२,१९,२११
२०२४-२५: व्याज २,४५,०१५, मुद्दल ३,९५,६२९, अखेर बाकी १८,२३,५८२
२०२५-२६: व्याज १,९४,८३९, मुद्दल ४,४५,८०५, अखेर बाकी १३,७७,७७७
२०२६-२७: व्याज १,३८,३००, मुद्दल ५,०२,३४४, अखेर बाकी ८,७५,४३३

दरवर्षी पन्नास-साठ हजार व्याजातून मुद्दलात जातात. जुनी ओळ कॉपी केली तर व्याजात ५०,१७६ चा फरक तिथेच पडला. आणि पहिल्या सहा महिन्यांच्या व्याजाची दुप्पट करून वर्षाचा अंदाज काढणारेही असतात, त्यांचा आकडा २,७९,०६६ येतो, तोही चुकीचाच, ३४ हजारांनी.

हे आकडे काढायला ६० ओळींचा तक्ता करायची गरज नाही, एक्सेलमध्ये किंवा लिबर ऑफिसमध्ये दोन फॉर्म्युले पुरतात:

```
=-CUMIPMT(12%/12,60,2400000,7,18,0)
=-CUMPRINC(12%/12,60,2400000,7,18,0)
```

पहिला व्याज देतो, दुसरा मुद्दल. ७ आणि १८ म्हणजे कितव्या हप्त्यापासून कितव्यापर्यंत. आमचं कर्ज ऑक्टोबरला सुरू झालं, मार्चपर्यंत ६ हप्ते, म्हणून २०२४-२५ चे हप्ते ७ ते १८. इथेच लोक चुकतात, दुसरं वर्ष म्हणून १३ ते २४ टाकतात. कर्जाचं वर्ष आणि हिशोबाचं वर्ष एकच नसतं, १ एप्रिलला उचल झाली असेल तरच जमतं. शेवटचं ० म्हणजे हप्ता महिन्याच्या अखेरीला. पुढचं वजा चिन्ह मी लावलंय कारण फॉर्म्युला उत्तर वजामध्ये देतो, आमच्या भाऊसाहेबांनी एकदा ते वजाचं व्याज तसंच बेरजेत घेतलं होतं आणि खर्च कमी झाला म्हणून खूश होते. बँक हप्ता पूर्ण रुपयात धरते म्हणून दोन-चार रुपये इकडेतिकडे होतील, सोडून द्या.

दुसरं कारण म्हणजे दर. एप्रिल २०२५ पासून बँकेने आमचा दर १२ वरून ११.५ केला. पत्र आलं होतं, ते शाळेच्या आवक रजिस्टरला नोंदलं जाऊन फाईलला लागलं, माझ्यापर्यंत आलंच नाही. आणि हप्ता बदलला नाही! ५३,३८७ च कापला जात होता, बँकेने हप्ता तसाच ठेवून मुदत कमी केली. त्यामुळे बँक पासबुक बघून कळायला काही मार्ग नव्हता. ११.५ ने त्या वर्षाचं व्याज १,८६,२५७ येतं, १२ ने १,९४,८३९, फरक ८,५८२. वरचे ५०,१७६ आणि हे ८,५८२ मिळून ५८,७५८, झाला हिशोब पूर्ण.

दर बदलला की मूळ फॉर्म्युला वापरून चालत नाही, कारण तो पहिल्या दिवसापासून एकच दर धरतो. मी आता असं करतो, दर बदलला त्या तारखेची बाकी बँकेकडून घ्यायची आणि तिथून नवीन कर्ज सुरू झालं असं समजून पुढचा तक्ता नवीन दराने मांडायचा. प्रत्येक महिन्याला बाकी गुणिले दर भागिले १२ हे व्याज, हप्त्यातून ते वजा केलं की मुद्दल, बाकीतून मुद्दल वजा. १२ ओळी, दहा मिनिटांचं काम.

फरक बरोबर एका हप्त्याइतका

हा मला सगळ्यात जास्त छळलेला प्रकार. ३१ मार्च २०२४ ची बाकी आमच्या तक्त्यात २२,१९,२११ आणि बँकेच्या दाखल्यावर २२,७२,५९८. मी तीन वेळा तक्ता तपासला, फॉर्म्युला तपासला, दर तपासला. शेवटी वजाबाकी केली तर ५३,३८७. अहो हा तर हप्ता!

३१ मार्च २०२४ ला रविवार होता. हप्ता त्या दिवशी वळता झालाच नाही, एप्रिलमध्ये झाला. पण व्याज मात्र बँकेने ३१ मार्चलाच कर्जखात्यावर टाकलं. म्हणजे २०२३-२४ मध्ये व्याज सहा महिन्यांचं, १,३९,५३३, पण भरलेले हप्ते पाच, २,६६,९३५. खर्चाचा आकडा बरोबर, मुद्दल आणि बाकी दोन्ही "चूक". खरं तर चूक काहीच नाही, पण नवीन वर्षाच्या रोखीच्या भागात १२ ऐवजी १३ हप्ते येतात, ६,९४,०३१. वर जे २,६९,३५६ उरतात म्हटलं ते प्रत्यक्षात २,१५,९६९ च उरणार होते, आणि हे कळेपर्यंत आम्ही बाकांची ऑर्डर दिलेली होती.

तर फरक बरोबर एका हप्त्याचा असेल तर फॉर्म्युल्याला हात लावू नका, कर्जाचा खातेउतारा काढा आणि मार्च-एप्रिलच्या तारखा बघा. सुट्टी असेल, बचत खात्यात त्या दिवशी पैसे कमी असतील, किंवा चेक दिला असेल आणि वटला एप्रिलमध्ये असेल. आता आम्ही मार्चचा हप्ता २७-२८ तारखेलाच स्वतः भरतो, शेवटच्या तारखेची वाट बघत नाही.

ज्यांचा हप्ता महिन्याच्या ५ किंवा १० तारखेला आहे त्यांच्याकडे याचाच धाकटा भाऊ भेटतो. त्यांच्याकडे शेवटच्या हप्त्यापासून ३१ मार्चपर्यंतचं व्याज झालेलं असतं पण भरलेलं नसतं, आणि ऑडिटमध्ये ते खर्चात येतं. पहिल्या वर्षी हा फरक जाणवतो, नंतर दरवर्षी आधीचं जातं आणि नवीन येतं म्हणून फारसा दिसत नाही.

फरक शे-दोनशे-पाचशेचा

याच्या मागे लागू नका. आपण महिन्याला १ टक्का धरतो, बँक दिवस मोजते. ऑक्टोबर २०२३ चे ३१ दिवस धरले तर २४ लाखांवर व्याज २४,४६० होतं, आपल्या तक्त्यात २४,०००. फेब्रुवारीत उलटं. वर्षभरात एकमेकांत बरंचसं जिरून जातं. हप्ता सात दिवस उशिरा गेला तर त्या हप्त्यावरचं जादा व्याज १२३ रुपये, म्हणजे तेही यातच. उशिराबद्दल बँक दंड लावते तो मात्र वेगळा बघायचा, तो व्याजाच्या ओळीत मिसळू नका. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर दंड हा व्याजदरात मिळवून लावायचा नाही, वेगळा आकार म्हणून लावायचा असं आहे, तेव्हा उताऱ्यावर तो वेगळा दिसायला हवा. त्याच्यासाठी बजेटमध्ये तरतूद करूच नका, ती केली की उशीर करायला परवानगी दिल्यासारखं होतं.

आता आमचा कर्जाचा भाग कसा असतो

अर्धं पान. वरती चार ओळी, १ एप्रिलची अपेक्षित बाकी, सध्याचा दर आणि तो कुठल्या पत्राने लागू झाला त्याची तारीख, हप्ता, राहिलेले महिने. त्याखाली महसुली भागात फक्त व्याज. रोखीच्या भागात मुद्दल. आणि सगळ्यात खाली व्याज अधिक मुद्दल बरोबर वर्षातले हप्ते, हा ताळा. तो जुळला नाही तर बजेट कार्यकारिणीपुढे जात नाही, हा नियम मी आणि भाऊसाहेबांनी मिळून केलाय.

बाकी अपेक्षित असते कारण बजेट फेब्रुवारीत होतं, मार्चचा हप्ता जायचा असतो. म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बँकेचा ३१ मार्चचा बाकीचा दाखला आणला की तो आकडा बघून व्याजाची ओळ एकदा सुधारतो, आणि पुढच्या मीटिंगमध्ये सुधारित म्हणून वाचून दाखवतो. दर कमी होईल अशा आशेवर व्याज कमी धरत नाही. वाढण्याची शक्यता दिसली तर अर्धा टक्का जास्त धरून बघतो, आमच्या बाकीवर वर्षाला आठ-साडेआठ हजारांचा फरक पडतो, तेवढी गुंजाइश ठेवली की झालं.

ट्रस्टवाल्यांसाठी एक जादा गोष्ट. मुद्दलाचा आकडा सीएला स्वतंत्र लागतो तो फक्त ताळेबंदासाठी नाही. इन्कम टॅक्समध्ये ८५ टक्के उत्पन्न वापरल्याचा जो हिशोब असतो त्यात, कर्जाच्या पैशातून केलेला खर्च आधीच धरलेला नसेल तर फेडलेलं मुद्दल फेडलं त्या वर्षी धरता येतं, आणि त्याला ५ वर्षांच्या मुदतीची अट आहे. त्यामुळे कर्ज घ्यायच्या आधीच सीएशी मुदतीबद्दल बोला, सात-दहा वर्षांचं कर्ज घेतलं तर शेवटच्या हप्त्यांचं काय करायचं हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. ही विभागणी संस्थेच्या उत्पन्न-खर्चातल्या विभागणीपेक्षा वेगळी, तिथे मुद्दल वापर म्हणून दिसलं म्हणून इथे खर्चात ओढू नका. आमच्या एका सभासदाने नेमकं हेच मांडलं होतं, "टॅक्सला चालतं तर बजेटला का नाही", आणि त्यावर पाऊण तास गेला.

तुमचा फरक यातल्या कशातच बसत नसेल तर उचल टप्प्याटप्प्याने झाली होती का ते बघा. बांधकाम चालू असताना पैसे तीन-चार वेळा मिळाले असतील तर हप्ता सुरू होईपर्यंत नुसतं व्याज लागलेलं असतं, काही बँका ते कर्जातच मिळवतात, आणि मग तुम्ही २४ लाख धरून बसता आणि बँकेकडे सुरुवातच २४ लाख ६०-७० हजारांनी झालेली असते. खातेउताऱ्यात पहिल्या हप्त्याच्या आदल्या दिवशीची बाकी बघा, मंजुरी पत्रातली रक्कम नको. फॉर्म्युल्यात तीच बाकी टाका.